‘शुक्रवारपर्यंत’ आणि ‘महिन्याच्या आत’ : रशियन भाषेतील मुदतीचे शब्द

रशियन भाषा शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला काळाचे शब्द सहसा इंग्रजी पुस्तकांच्या आधारे शिकविले जातात. त्यामुळे एक अडचण उद्भवते. इंग्रजीत ‘दोन आठवडे वाचत होता’ आणि ‘दोन आठवड्यांसाठी पुस्तक नेले’ या दोन्ही वाक्यांत एकच अव्यय वापरून भागते. रशियन भाषेत ते भागत नाही. वास्तविक मराठी भाषकाला ही अडचण वाटण्याचे कारण नाही, कारण हा भेद मराठीतही आहे आणि तो आपण बोलताना अचूक पाळतो. मराठी माणसाची चूक होते ती दुसऱ्याच दोन ठिकाणी. मराठीतील ‘-त’ हा प्रत्यय आणि ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय यांच्या पोटात जे अनेक अर्थ एकत्र नांदतात, ते रशियन भाषा निरनिराळ्या शब्दांनी वेगळे करते. पत्रव्यवहारात, करारात आणि कार्यालयीन कामकाजात नेमक्या याच ठिकाणी गैरसमज होतात. म्हणून या दोन जागा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

रशियन भाषेत नामाशी संबंध दाखविणारे अव्यय नामाच्या आधी येते आणि त्या अव्ययानुसार नामाची विभक्ती बदलते. मराठीतील ‘साठी’, ‘पर्यंत’, ‘नंतर’ ही अव्यये नामाच्या मागून येतात, एवढाच स्थूल फरक आहे. पुढील विवेचनात रशियन शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांचा उच्चार त्यामुळे अंदाजानेच कळेल. परंतु अर्थाच्या चर्चेला तेवढे पुरेसे आहे.

एक पुस्तक आणि दोन आठवडे

ग्रंथालयातून नेलेल्या एका पुस्तकाचे उदाहरण घेऊ. ‘आठवडा’ या अर्थाचा रशियन शब्द ‘नेदेल्या’ आणि ‘दोन आठवडे’ म्हणजे ‘द्वे नेदेली’. हा ‘नेदेल्या’ शब्द मुळात ‘काम न करण्याचा दिवस’ या अर्थाचा आहे. अनेक स्लाव भाषांत तो आजही रविवारासाठी वापरला जातो. रशियन भाषेत मात्र त्याचा अर्थ विस्तारून संपूर्ण आठवडा असा झाला.

‘ओन चिताल क्निगु द्वे नेदेली’ या वाक्याचा अर्थ ‘तो दोन आठवडे पुस्तक वाचत होता’ असा होतो. येथे काळाच्या शब्दाआधी कोणतेही अव्यय नाही. तो शब्द केवळ द्वितीया विभक्तीत उभा आहे. मराठीतही ‘दोन आठवडे’ या शब्दांना येथे काही जोडावे लागत नाही. दोन्ही भाषांत अर्थ एकच: क्रिया दोन आठवडे चालू होती. पुस्तक वाचून संपले की नाही, हे वाक्य सांगत नाही.

आता ‘ओन व्झ्याल क्निगु ना द्वे नेदेली’ हे वाक्य पाहा. अर्थ असा की ‘त्याने दोन आठवड्यांसाठी पुस्तक नेले’. पुस्तक नेण्याची क्रिया एका क्षणात झाली. दोन आठवडे ती क्रिया चालली नाही. तिच्यामुळे निर्माण झालेली स्थिती, म्हणजे पुस्तक त्याच्याजवळ असणे, तेवढा काळ टिकायची आहे. ‘ना’ या अव्ययाचे काम हेच. क्रियेनंतरची स्थिती किती काळ राहील किंवा राहावी असा हेतू आहे, ते ‘ना’ सांगते. ‘तो दोन आठवड्यांसाठी मॉस्कोला गेला’ या वाक्यात ‘ना’ येईल. ‘तो दोन आठवडे मॉस्कोत होता’ यात येणार नाही. ज्या वाक्यात मराठी माणूस ‘साठी’ म्हणेल तेथे बहुधा ‘ना’ योजावे, हा नियम सुरुवातीच्या विद्यार्थ्याला पुष्कळ अंतरापर्यंत सुखरूप नेतो.

तिसरे वाक्य ‘ओन प्रोचिताल क्निगु झा द्वे नेदेली’ हे आहे. ‘त्याने दोन आठवड्यांत पुस्तक वाचून संपविले.’ येथे ‘झा’ हे अव्यय आले आणि त्याबरोबर क्रियापदाचे रूपही बदलले. पहिल्या वाक्यातील ‘चिताल’ हे अपूर्ण क्रियेचे रूप आहे, तर ‘प्रोचिताल’ हे पूर्णत्वाला गेलेल्या क्रियेचे. काम तडीस नेण्यास किती काळ खर्च झाला, हे ‘झा’ सांगते, आणि म्हणून एका प्रसंगाविषयी बोलताना त्याला पूर्ण क्रियेचे रूप लागते. ‘तो अशी पुस्तके एरवी दोन आठवड्यांत वाचीत असे’ अशी सवय सांगताना ‘झा’ बरोबर अपूर्ण रूपही येऊ शकते, कारण प्रत्येक वेळी काम पूर्ण होतच असे. केवळ ते वारंवार घडत असे.

चौथे वाक्य ‘ओन वेर्न्योत क्निगु चेरेझ द्वे नेदेली’ असे आहे. ‘तो दोन आठवड्यांनी पुस्तक परत करील.’ ‘चेरेझ’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ओलांडून, पलीकडे’ असा आहे. रस्ता किंवा नदी ओलांडण्यासाठीही हाच शब्द वापरतात. दोन आठवड्यांचे अंतर ओलांडले की मग क्रिया घडेल. त्या अंतराच्या मध्ये ती घडेल असे हे वाक्य म्हणत नाही. इंग्रजीच्या सवयीमुळे येथे फार चुका होतात, कारण इंग्रजीत ‘दोन आठवड्यांत’ आणि ‘दोन आठवड्यांनी’ या दोन्ही अर्थी एकच शब्दप्रयोग चालतो. मराठीत ‘-त’ आणि ‘-नी’ या दोन प्रत्ययांनी हा फरक स्पष्ट होतो. म्हणून रशियन वाक्य रचताना विद्यार्थ्याने इंग्रजी वाक्याकडे न पाहता मराठी वाक्याकडे पाहावे, हेच श्रेयस्कर.

काळाच्या प्रवाहात

यापुढे मात्र मराठी वाक्यावर पूर्णपणे विसंबता येत नाही. ‘आम्ही महिन्यात उत्तर देऊ’ आणि ‘त्याने महिन्यात घर बांधले’ या दोन वाक्यांत मराठीने एकच ‘-त’ वापरला आहे. दुसऱ्या वाक्यात महिना हा कामासाठी खर्ची पडलेला काळ आहे. तेथे ‘झा’ योग्य होय. पहिल्या वाक्यात तसे नाही. उत्तर लिहिण्यास महिना लागणार नाही. ते कदाचित अर्ध्या तासात लिहून होईल. महिना ही केवळ हद्द आहे आणि त्या हद्दीत कोणत्याही दिवशी उत्तर जाईल, एवढेच अभिप्रेत आहे. अशा वेळी रशियन कार्यालयीन भाषा ‘व तेचेनिये मेस्यात्सा’ असे म्हणते.

‘तेचेनिये’ म्हणजे प्रवाह. शब्दशः अर्थ घेतला तर ‘महिन्याच्या प्रवाहात’ असा होतो. नदीच्या प्रवाहाविषयी बोलतानाही हाच शब्द येतो, परंतु ‘प्रवाहामध्ये’ असे स्थान सांगताना त्याचे अखेरचे अक्षर बदलून ‘तेचेनिइ’ असे लिहितात. काळाच्या अर्थी मात्र ‘तेचेनिये’ हेच लेखन शुद्ध मानले जाते. उच्चारात या दोहोंतील फरक जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून खुद्द रशियन लोकांच्या लेखनातही ही चूक वारंवार आढळते. ‘मेस्यात्स’ या शब्दाचे मात्र मराठी वाचकाला नवल वाटणार नाही. त्याचा अर्थ ‘महिना’ आणि ‘चंद्र’, विशेषतः चंद्रकोर, असा दुहेरी आहे. आपल्या ‘मास’ या शब्दाशी त्याचे प्राचीन नाते आहे.

‘व तेचेनिये मेस्यात्सा’ या शब्दसमूहाचेही दोन अर्थ संभवतात. ‘महिनाभर पाऊस पडत होता’ या वाक्यात तो ‘संपूर्ण महिना’ सांगेल. ‘महिन्याच्या आत पैसे द्यावेत’ या वाक्यात तो ‘या अवधीत केव्हाही, परंतु त्याबाहेर नव्हे’ असे सांगेल. कोणता अर्थ घ्यावयाचा हे क्रियापदाच्या रूपावरून ठरते. अपूर्ण रूप असेल तर क्रिया सामान्यतः अवधीभर पसरलेली असते. पूर्ण रूप असेल तर ती अवधीत एकदा घडून संपते. करार वाचताना नजर केवळ काळाच्या शब्दांवर खिळवून चालत नाही. क्रियापदही पाहावे लागते.

‘पर्यंत’चे तीन अर्थ

मराठी भाषकाची दुसरी अडचण ‘शुक्रवारपर्यंत’ या शब्दात आहे. ‘तो शुक्रवारपर्यंत येथे राहील’, ‘लेख शुक्रवारपर्यंत तयार करा’ आणि ‘ग्रंथालय सोमवारपासून शुक्रवारपर्यंत उघडे असते’ ही तीनही वाक्ये मराठीत सारखीच स्वाभाविक आहेत. रशियन भाषेत या तिन्हींसाठी तीन अव्यये आहेत.

शुक्रवारला रशियन भाषेत ‘प्यात्नित्सा’ म्हणतात. हा शब्द ‘पाच’ या अर्थाच्या ‘प्यात’ शब्दापासून आला आहे. रशियन आठवडा सोमवारपासून मोजला जातो, आणि शुक्रवार हा त्यातील पाचवा दिवस. ‘शुक्रवारी’ असे नुसते म्हणावयाचे असेल तर ‘व प्यात्नित्सु’ असे म्हणतात. महिन्यासाठीही ‘व’ हेच अव्यय येते, जसे ‘व माये’, म्हणजे ‘मे महिन्यात’. तारखेला मात्र कोणतेही अव्यय लागत नाही. ‘पाच मे रोजी’ यासाठी ‘प्यातोवो माया’ असे षष्ठी विभक्तीचे रूप पुरेसे होते. दिवस, महिना आणि तारीख यांची ही साधी रूपे लक्षात आली म्हणजे मुदतीच्या रूपांकडे वळता येते.

पहिले अव्यय ‘दो’. ‘दो प्यात्नित्सी’ म्हणजे ‘शुक्रवारच्या सीमेपर्यंत’. क्रिया चालू राहणारी असेल तर ती शुक्रवारपाशी येऊन थांबते. क्रिया एकदाच घडणारी असेल, उदाहरणार्थ ‘लेख द्यावा’, तर ती शुक्रवारच्या आधी घडावयास हवी. येथेच प्रश्न उभा राहतो. सीमा म्हणून सांगितलेला शुक्रवार आत धरावयाचा की बाहेर? ‘दो’ हे अव्यय एकटे असताना या प्रश्नाचे निश्चित उत्तर देत नाही. शब्दशः पाहणारा माणूस गुरुवार हा शेवटचा दिवस मानील. व्यवहारात पुष्कळ लोक शुक्रवारही धरतात. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे रशियन लोक तारखेपुढे ‘व्क्ल्युचीतेल्नो’, म्हणजे ‘तो दिवस धरून’, असा शब्द जोडतात, अथवा ‘ने पोझ्नेये प्यात्नित्सी’, म्हणजे ‘शुक्रवारहून उशिरा नव्हे’, असे लिहितात. या दोन्ही रचनांत शुक्रवार निःसंशय मुदतीच्या आत येतो.

दुसरे अव्यय ‘क’. ते चतुर्थी विभक्ती घेते आणि ‘कडे, दिशेने’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. ‘क प्यात्नित्से’ म्हणजे शुक्रवार येऊन ठेपेल त्या वेळी काम तयार असले पाहिजे. यात भर आहे तो तयार स्थितीवर. शुक्रवारी कोणाला तरी त्या वस्तूची गरज आहे आणि त्या गरजेच्या वेळी ती हाताशी हवी, असा भाव ‘क’ मध्ये असतो. घरगुती बोलण्यात ‘जेवणाच्या वेळेपर्यंत ये’ असे सांगतानाही हेच अव्यय येते. तथापि शुक्रवारी सकाळी की सायंकाळी, हे ‘क’ सांगत नाही. सहकाऱ्याशी बोलताना ते सोयीचे आहे. दंडाची तरतूद असलेल्या करारात मात्र ते अपुरे ठरते.

तिसरे अव्यय ‘पो’. ‘स पोनेदेल्निका पो प्यात्नित्सु’ म्हणजे ‘सोमवारपासून शुक्रवार धरून’. द्वितीया विभक्तीसह येणारे हे ‘पो’ शेवटचा दिवस मोजणीत घेते. दुकाने, दवाखाने आणि ग्रंथालये यांच्या वेळापत्रकांत ते नित्य आढळते. ‘स पेर्वोवो पो प्यातोये माया’ अशी सूचना वाचली तर एक मेपासून पाच मेपर्यंतचे पाचही दिवस धरावयाचे. त्याच जागी ‘दो’ असते तर पाचव्या दिवसाविषयी विचारून घेणे शहाणपणाचे ठरले असते.

एका कराराचे उदाहरण

हे भेद प्रत्यक्षात कसे परिणाम करतात हे पाहण्यासाठी एक काल्पनिक करार घेऊ. एका अनुवादकाने रशियातील एका प्रकाशन संस्थेशी करार केला. त्यात तीन अटी आहेत. अनुवाद शुक्रवार, १७ जानेवारी २०२५ पर्यंत द्यावयाचा. तो संपादकाकडे दोन आठवड्यांसाठी तपासणीला जाईल. आणि स्वीकृतीच्या कागदावर सह्या झाल्यापासून महिन्याच्या आत मोबदला मिळेल.

पहिल्या अटीत ‘दो’ लिहिले असेल आणि अनुवादक शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कागद घेऊन आला, तर प्रकाशक म्हणू शकतो की मुदत गुरुवारी, १६ तारखेला संपली. अनुवादकही म्हणू शकतो की १७ तारीख मुदतीतच होती. दोघांच्याही बाजूने भाषा थोडी थोडी बोलेल, आणि वादाचे मूळ तेच असेल. ‘ने पोझ्नेये’ लिहिले असते तर हा वाद उद्भवलाच नसता. समजा, वाद न होता अनुवाद १७ तारखेलाच स्वीकारण्यात आला.

दुसऱ्या अटीत ‘ना’ आहे. म्हणजे कागद संपादकाजवळ दोन आठवडे राहू शकतील, शुक्रवार, ३१ जानेवारीपर्यंत. संपादकाने सर्व काळ वाचनात घालवावा असे ही अट म्हणत नाही. तो चार दिवसांत वाचून मोकळा झाला तरी अटीचा भंग होत नाही. ‘ना’च्या जागी ‘झा’ घातले असते तर तपासणी पूर्ण करण्यास लागणाऱ्या काळाची ती ग्वाही झाली असती आणि संपादकावर वेगळीच जबाबदारी आली असती. ‘चेरेझ’ घातले असते तर तपासणी दोन आठवडे उलटल्यानंतर व्हावयाची, असा अर्थ झाला असता. एका लहान शब्दाने संपूर्ण वेळापत्रक पुढे सरकले असते.

संपादकाचे काम संपून ३१ जानेवारी २०२५ रोजी स्वीकृतीच्या सह्या झाल्या. आता तिसरी अट, ‘व तेचेनिये मेस्यात्सा’, लागू होते. महिना म्हणजे नेमके केव्हापर्यंत, याचे उत्तर भाषा देत नाही; ते कायदा देतो. रशियन संघराज्याच्या नागरी संहितेचा पहिला भाग १९९४ साली संमत झाला. त्यातील १९० ते १९४ या कलमांत मुदतीच्या मोजणीचे नियम आहेत. रशियन भाषेत मुदतीला ‘स्रोक’ म्हणतात. ज्या दिवशी घटना घडली तो दिवस ‘स्रोक’मध्ये धरीत नाहीत, मोजणी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. महिन्यांत सांगितलेली मुदत अखेरच्या महिन्यातील त्याच क्रमांकाच्या तारखेला संपते; तशी तारीख त्या महिन्यात नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते.

फेब्रुवारीत ३१ तारीख नाही. म्हणून या कराराची मुदत शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी संपते. आता अटीत ‘महिन्याच्या’ ऐवजी ‘तीस दिवसांच्या आत’ असे लिहिले असते तर काय झाले असते? मोजणी १ फेब्रुवारीपासून सुरू झाली असती. अठ्ठाविसावा दिवस २८ फेब्रुवारीचा आणि तिसावा दिवस २ मार्चचा. तो रविवार होता. संहितेनुसार मुदतीचा शेवटचा दिवस कामकाजाचा नसेल तर त्यानंतरचा पहिला कामकाजाचा दिवस शेवटचा धरतात. म्हणजे प्रकाशकाला सोमवार, ३ मार्चपर्यंत वेळ मिळाला असता. बोलताना आपण ‘महिना’ आणि ‘तीस दिवस’ यांत फरक करीत नाही. या करारात त्या फरकाचे मोल तीन दिवस झाले. ज्या अनुवादकाला १ मार्च रोजी घरभाडे द्यावयाचे असेल त्याला ते चांगलेच जाणवेल.

शेवटच्या दिवसाचाही एक बारकावा आहे. सर्वसाधारणपणे त्या दिवसाचे चोवीस तास संपेपर्यंत कृती करता येते. परंतु ती कृती एखाद्या संस्थेत करावयाची असेल, तर त्या संस्थेचे कामकाज ज्या तासाला बंद होते त्याच तासाला मुदतही संपते. रात्री अकरा वाजता बंद दारापाशी अनुवाद ठेवून मुदत पाळल्याचा दावा करता येत नाही.

मराठी प्रश्नांची कसोटी

योग्य अव्यय निवडण्यासाठी मराठी वाचकाजवळ एक सोपी कसोटी आहे. वाक्य रशियन भाषेत नेण्यापूर्वी स्वतःला मराठीत प्रश्न विचारावा. ‘किती दिवस?’ असा प्रश्न जुळत असेल तर अव्यय नको. ‘किती दिवसांसाठी?’ असेल तर ‘ना’. ‘किती दिवसांनी?’ असेल तर ‘चेरेझ’. ‘किती दिवसांत?’ असा प्रश्न आला तर मात्र थांबून पुढे विचारावे: हे दिवस कामाला लागले, की ती केवळ हद्द आहे? पहिल्या पक्षी ‘झा’, दुसऱ्या पक्षी ‘व तेचेनिये’. आणि ‘केव्हापर्यंत?’ असा प्रश्न असेल तर आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये: तो शेवटचा दिवस आत धरला आहे काय? रशियन पत्रातील ‘दो’ या प्रश्नाचे उत्तर देत नसेल, तर सही करण्यापूर्वी ते पत्र लिहिणाऱ्याकडूनच मागून घ्यावे.